गाडीचा रिकॉल आला म्हणजे नेमकं काय, आणि दुरुस्ती फुकटात कशी करून घ्यायची

कंपनीचा मेसेज येतो नाहीतर बातमी दिसते की अमुक स्कूटरच्या एवढ्या लाख गाड्या कंपनीने परत बोलावल्या, आणि लोकांच्या प्रतिक्रिया दोनच टोकाच्या असतात. काहींना वाटतं आता कंपनी गाडी घेऊन जाणार आणि पैसे परत देणार. बाकीचे म्हणतात माझी गाडी तर मस्त चालतीये, मला काय करायचंय, आणि मेसेज डिलीट करतात. पहिल्यांचा फक्त गैरसमज होतो, दुसऱ्यांचं मात्र खरंच नुकसान होऊ शकतं, म्हणून हे जरा नीट सांगतो.

रिकॉल म्हणजे एखादा पार्ट डिझाइनमध्येच चुकलाय किंवा कारखान्यात बनताना त्याच्या एका लॉटमध्ये दोष राहिलाय, आणि त्या दोषामुळे चालवणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, हे कंपनीने मान्य केलंय. मग त्या लॉटच्या सगळ्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावतात, तो पार्ट तपासतात, लागला तर बदलतात, आणि पार्टचे पैसे नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. बहुतेक वेळा एवढंच असतं. गाडी तुमचीच राहते, काम झालं की घरी घेऊन यायची. गाडी बदलून देणं किंवा पूर्ण पैसे परत देणं हे कायद्यात आहे पण प्रत्यक्षात क्वचित होतं, कारण बहुतेक दोष एक छोटा पार्ट बदलला की संपतात.

आता एक खरं उदाहरण घेऊ, कारण नोटीसमधली भाषा उदाहरणाशिवाय डोक्यात शिरत नाही. 2024 मध्ये सुझुकीने भारतात अॅक्सेस 125, अॅव्हेनिस आणि बर्गमन स्ट्रीट या स्कूटर्सचा रिकॉल काढला, जवळजवळ 3 लाख 88 हजार गाड्या, आणि नोटीसमध्ये कारण दिलं होतं इग्निशन कॉइलची हाय टेन्शन कॉर्ड. हे वाचून सामान्य माणसाला काहीच कळत नाही, पण गोष्ट सोपी आहे. बॅटरी असते 12 व्होल्टची, तेवढ्यावर स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडत नाही, म्हणून इग्निशन कॉइल तो व्होल्टेज वाढवून हजारोंमध्ये नेते, आणि कॉइलपासून प्लगपर्यंत हा करंट नेणारी जी जाड रबरी वायर असते ती म्हणजे हाय टेन्शन कॉर्ड, गॅरेजवाले जिला प्लगची वायर म्हणतात ती. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर खालीवर हलत असतं, प्रत्येक खड्ड्याला ही वायर थोडीशी वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते. चांगल्या वायरला याचं काही वाटत नाही, पण या लॉटमधली वायर ठरलेल्या मापदंडात बसत नव्हती, त्यामुळे सतत वाकून तिला चीर पडू शकते आणि ती तुटूही शकते. वायर तुटली की ठिणगी बंद, ठिणगी बंद की इंजिन बंद, आणि हे गाडी चालू असताना मागून ट्रक येत असताना झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. त्यात अजून एक भाग होता, चीर पडलेली वायर पाण्याने भिजली की तो करंट बाहेर गळायला लागतो आणि स्पीड सेन्सर किंवा थ्रॉटलचा सेन्सर खराब करू शकतो.

या उदाहरणातला मुद्दा असा की चीर पडेपर्यंत गाडीला काहीही होत नाही. स्टार्ट मारला की चालू, मायलेज तेवढंच, आवाज नाही काही नाही. म्हणून "माझी गाडी मस्त चालतीये" याला रिकॉलमध्ये काहीच अर्थ नसतो. जी लक्षणं दिसतात ती उशिरा दिसतात, म्हणजे पावसात गाडी मिसिंग मारायला लागणं, मध्येच एकदम बंद पडून थोड्या वेळाने परत चालू होणं, धुतल्यानंतर स्टार्ट न होणं. असं काही होत असेल आणि गाडी रिकॉलमध्ये असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत रोज चालवत बसू नका, फोन करून सांगा की लक्षण दिसतंय, आणि गाडी आहे तिथून उचलून न्यायची सोय करता का ते विचारा.

मग येतो सगळ्यात जास्त गोंधळ होणारा भाग, तारीख. वरच्या नोटीसमध्ये होतं की 30 एप्रिल 2022 ते 3 डिसेंबर 2022 या काळात बनलेल्या गाड्या. बनलेल्या, विकलेल्या नाही. लोक स्वतःची खरेदीची तारीख आठवतात आणि ठरवून टाकतात की मी तर जानेवारी 2023 मध्ये घेतली, म्हणजे माझी यात नाही. पण गाडी कारखान्यातून निघून गोदामात, मग शोरूमला, मग तुमच्याकडे यायला कधी कधी महिने जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये बनलेली आणि जानेवारी 2023 मध्ये घेतलेली स्कूटर या काळात बरोबर बसते. उलट मे 2022 मध्ये घेतलेली पण मार्चमध्ये बनलेली स्कूटर बसत नाही. आरसी बुकवर बनल्याचा महिना आणि वर्ष दिलेलं असतं, ते बघा, पण तिथे दिवस नसतो. आता समजा आरसीवर एप्रिल 2022 आहे, तर महिन्याच्या फक्त शेवटच्या दिवशी बनलेली गाडी यात येते, बाकीचा पूर्ण महिना बाहेर. डिसेंबर 2022 असेल तर फक्त पहिले तीन दिवस. म्हणजे आरसी बघून अंदाज येतो पण निकाल लागत नाही.

निकाल लागतो चासी नंबरवर. हा 17 अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, आरसीवर असतो, इन्शुरन्सच्या कागदावर असतो आणि गाडीच्या फ्रेमवर कोरलेला असतो, मोटरसायकलला बहुतेक वेळा हँडलच्या खाली जिथे फ्रेम सुरू होते तिथे, स्कूटरला मॉडेलप्रमाणे सीटखाली किंवा पायाशी कव्हरच्या आत, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. टाइप करताना एक लक्षात ठेवा, या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, मुद्दाम, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यामुळे गोल दिसतंय ते शून्यच आहे आणि उभी रेघ दिसतीये ती एकच आहे. चुकीचा नंबर टाकला आणि वेबसाइट म्हणाली की तुमची गाडी रिकॉलमध्ये नाही, तर माणूस निवांत होतो आणि तो निवांतपणा खोटा असतो. म्हणून नंबर एकदा आरसीवरून आणि जमलं तर एकदा गाडीवरून ताडून घ्या.

हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिसच्या भागात टाकायचा. यामाहाने फेब्रुवारी 2024 मध्ये रे झेडआर आणि फॅसिनो या 125 हायब्रिड स्कूटर्सचा ब्रेक लिव्हरसाठी रिकॉल काढला होता, साधारण 3 लाख गाड्या, 1 जानेवारी 2022 ते 4 जानेवारी 2024 मध्ये बनलेल्या, तेव्हा वेबसाइटवर अशीच सोय दिली होती, चासी नंबर टाका आणि आपली गाडी आहे की नाही बघा. वेबसाइट जमत नसेल तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून चासी नंबर सांगितला तरी ते त्यांच्या सिस्टीममध्ये बघून सांगतात. जिथून गाडी घेतली तिथेच जायला पाहिजे असं काही नाही, त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सेंटर चालतं. फक्त कोपऱ्यावरच्या गॅरेजला हे काम होणार नाही, कारण पार्ट कंपनीकडून येतो आणि मजुरीचे पैसेही सेंटरला कंपनी देते.

मेसेजमधल्या लिंकबद्दल इथेच सांगून टाकतो. रिकॉलच्या नावाने फसवणूक करणं सोपं आहे कारण बातमी सगळ्यांनी ऐकलेली असते. रिकॉलला कुठलंही बुकिंग चार्ज नसतं, डिपॉझिट नसतं, "5 रुपये भरून कन्फर्म करा" असलं काही नसतं, यूपीआय पिन किंवा कार्डचा नंबर लागत नाही. लिंकवर न जाता कंपनीची वेबसाइट स्वतः उघडून चासी नंबर टाका.

नोटीस वाचताना अजून एका वाक्याकडे बघायचं, गाडी चालवायची की नाही. सगळे रिकॉल सारख्या गंभीर पातळीचे नसतात. "सोयीनुसार जवळच्या केंद्रात आणा" असं असेल तर गाडी तिथपर्यंत चालवत नेता येते, तरी लांबचा प्रवास तोपर्यंत टाळलेलाच बरा. "वापर थांबवा" असं असेल तर खरंच थांबवा, आणि न्यायची सोय कोण करणार ते कंपनीला विचारा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा रिकॉल असेल तर चार्जिंगबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, कारण तिथे धोका गाडी उभी असतानाही असतो. 2022 मध्ये भारतात इलेक्ट्रिक स्कूटर्सना आगी लागल्यावर ओला, ओकिनावा आणि प्युअर ईव्ही या तिघांनी बॅटरी तपासायला गाड्या परत बोलावल्या होत्या. काही दोष सॉफ्टवेअरचे असतात आणि अपडेटने जातात, पण अपडेट झालं की नाही ते स्क्रीनवर व्हर्जन बघून खात्री करायची.

आता सेंटरला गेल्यावर. जायच्या आधी फोन करून पार्ट स्टॉकमध्ये आहे का ते विचारा, कारण रिकॉल जाहीर होतो तेव्हा लाखो पार्ट एकदम तयार नसतात, टप्प्याटप्प्याने येतात. नाहीये म्हणाले तर चासी नंबरवर नाव लावून ठेवायला सांगा आणि अंदाजे तारीख घ्या. काउंटरवर "गाडी चेक करा" असं मोघम सांगू नका, "रिकॉलचं काम करायचंय, या पार्टचं" असं स्पष्ट सांगा, आणि जॉब कार्डवर तेच लिहून घ्या. हे मी आवर्जून सांगतोय कारण माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी एका सेंटरमध्ये जनरल सर्व्हिस म्हणून आत गेली, ऑइल बदललं, धुतली, बिल झालं, आणि रिकॉलचं काम तसंच राहिलं, कारण कार्डवर ते कुठे नव्हतंच. मेकॅनिक कार्ड बघून काम करतो, काउंटरवर तुम्ही काय बोललात ते त्याला माहीत नसतं.

सर्व्हिस पण करून घ्यायची असेल तर करा, पण दोन जॉब वेगळे लिहून घ्या म्हणजे कशाचे पैसे लागतात ते दिसतं. आधी सर्व्हिस करा मगच रिकॉल करू असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही.

कधी कधी अर्ध्या तासात गाडी परत देतात आणि म्हणतात चेक केलं, ओके आहे, बदलायची गरज नाही. तेव्हा वाटतं की टाळलं आपल्याला. तसं असेलच असं नाही. बरेच रिकॉल "तपासा आणि लागलं तर बदला" असेच असतात. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने 2 लाख 36 हजारांवर गाड्या इग्निशन कॉइलसाठी बोलावल्या तेव्हा कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की प्रत्यक्षात 10 टक्क्यांपेक्षा कमी गाड्यांचा पार्ट बदलावा लागेल. तरी सगळ्या बोलावल्या, कारण कुठल्या गाडीत खराब कॉइल गेलीये हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून नोटीसमध्ये आधीच वाचून ठेवा की सरसकट बदलणार आहेत की तपासून. सरसकट बदलायचं लिहिलं असेल आणि सेंटर म्हणत असेल की नुसतं चेक केलं, तर विचारायचं. बदललं असेल तर जुना पार्ट बघायला मागा. बहुतेक वेळा तो कंपनीकडे परत पाठवावा लागतो त्यामुळे घरी देणार नाहीत, पण दाखवायला कोणाची हरकत नसते.

निघताना एक कागद हातात पाहिजे. शून्य रुपयांचं बिल किंवा बंद केलेलं जॉब कार्ड, त्यावर चासी नंबर, तारीख, किलोमीटर आणि रिकॉलचं काम झालं असं लिहिलेलं, कंपनीने रिकॉलला कोड दिलेला असेल तर तोही. दोनतीन दिवसांनी वेबसाइटवर परत चासी नंबर टाकून बघा, काम पूर्ण झाल्याची नोंद झाली असेल तर तिथे दिसेल. अजून बाकी दाखवत असेल तर तो कागद घेऊन सेंटरला नोंद करायला लावा. गाडी विकताना हाच कागद कामाला येतो, आणि पुढे त्याच पार्टमुळे काही झालं तर काम कधी आणि कोणी केलं याचा पुरावा पण हाच.

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं उत्तर म्हणजे "वॉरंटी संपलीये". वॉरंटी आणि रिकॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी हा कंपनीने गाडी विकताना दिलेला शब्द, त्याला मुदत असते, किलोमीटर असतात, वेळेवर सर्व्हिस केली का हे बघतात. रिकॉल म्हणजे पार्ट पहिल्यापासूनच सदोष होता हे कंपनीने कबूल केलेलं, तिथे तुम्ही सर्व्हिस चुकवली होती का, गाडी किती चालली, याने फरक पडत नाही. भारतात मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं, त्यात सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं, आणि एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांत 7 वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्या धरल्यात, सरकारला आदेश काढून सक्तीने रिकॉल करायला लावावं लागलं तर दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल काढला तर हा दंड लागत नाही, म्हणून तुम्हाला येणाऱ्या बहुतेक नोटिसांवर स्वेच्छेने असा शब्द असतो. स्वेच्छेने म्हणजे कंपनीने स्वतः सुरू केलंय एवढंच, दोष किरकोळ आहे असा त्याचा अर्थ नाही. इतर देशांत मुदती वेगळ्या, अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांपर्यंत रिकॉलची दुरुस्ती फुकट करावी लागते.

सेकंड हँड गाडी असेल तर नोटीस तुम्हाला येणारच नाही असं धरून चाला. कंपनीकडे पहिल्या मालकाचा मोबाइल आणि पत्ता असतो, मेसेज त्याला जातो आणि तो म्हणतो मी तर गाडी विकली. पण रिकॉल चासी नंबरला चिकटलेला असतो, मालकाला नाही, त्यामुळे कितव्याही हातातली गाडी असली तरी काम फुकटच होतं. जुनी गाडी घेताना पैसे द्यायच्या आधी चासी नंबर टाकून बघा, आणि घेतल्यावर सेंटरला सांगून कंपनीच्या रेकॉर्डमध्ये आपला मोबाइल नंबर टाकून घ्या. नंबर बदलला असेल तर नवीन गाडीवाल्यांनीही हेच करायचं.

रिकॉल यायच्या आधीच तुम्ही तो पार्ट स्वतःच्या पैशाने बदलला असेल तर बिल शोधा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी मेल टाकून परतावा मागा. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण बिलाशिवाय तर नक्कीच मिळणार नाही. आणि बाहेरून बदललेला असला तरी रिकॉलची तपासणी करूनच घ्या, कारण बाहेर बसवलेला पार्टही त्याच जुन्या लॉटमधला असू शकतो. त्या भागात काही मॉडिफिकेशन केलं असेल, म्हणजे हॉर्न किंवा जादा लाइटसाठी वायरिंग कापलं असेल, तर सेंटर आधी ते काढायला सांगू शकतं आणि ते काढायचे पैसे तुमचे, इथे सेंटरचं बरोबर असतं.

आणि सेंटरने सरळ नकार दिला तर तिथे भांडत बसण्यात अर्थ नाही. नकार कोणत्या कारणाने ते जॉब कार्डवर लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की काम होतं. नाहीच झालं तर कस्टमर केअरला चासी नंबर, सेंटरचं नाव, तारीख आणि नोटीसचा फोटो टाकून मेल करा आणि तक्रार नंबर घ्या, कारण पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केलात तर तेही आधी विचारतात की कंपनीकडे तक्रार केली होती का. नोटीस आलेली नाही पण तुमच्या मॉडेलमध्ये तोच दोष अनेकांना दिसतोय, असं असेल तर परिवहन मंत्रालयाच्या परिवहन पोर्टलवर वाहन रिकॉलसाठी तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे नोंद करा, कारण एकाच दोषाच्या तक्रारी ठराविक प्रमाणाच्या वर गेल्या की सरकार स्वतः त्या मॉडेलची चौकशी लावू शकतं, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तोंडी केलेली तक्रार त्या मोजणीत येत नाही.